स्क्वॉटच्या फोटोत टाच वारंवार उचललेली दिसते : कारण कसे ओळखावे आणि सुरक्षितपणे कसे सुधारावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील व्यायामशाळांमधून माझ्याकडे तपासणीसाठी जे स्क्वॉटचे फोटो येतात, त्यांत सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे खाली बसताना उचलली गेलेली टाच आणि तिच्यासोबत पुढे सरकलेला बार. ही चूक एकदा सांगून सुटत नाही. मुलगा दोन आठवडे काळजी घेतो, वजन थोडे वाढवतो आणि पुढच्या फोटोत टाच पुन्हा हवेत असते. असे होण्याचे कारण बहुतेक वेळा हे असते, की फोटोत दिसणारी खूण एकच असली तरी तिच्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणाला लावला जातो. म्हणून या लेखात सगळ्या चुकांची यादी न देता टाचेचाच प्रश्न मुळापासून घेतला आहे. कंबर आणि गुडघे यांचा उल्लेख तिच्या ओघात येईल.

आधी फोटो विश्वासार्ह आहे का, हे पाहावे

चुकीच्या कोनातून काढलेल्या फोटोवरून फॉर्म दुरुस्त करायला निघालो, तर नसलेली चूक सुधारण्यात वेळ जातो. आपल्याकडे साधारणपणे मित्र समोर तिरका उभा राहतो, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरतो आणि बटण दाबतो. या फोटोत गुडघा कॅमेऱ्याजवळ आणि कंबर दूर असते. फोन उंचावर असल्यामुळे जवळचा गुडघा चित्रात प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतो आणि पुरेसा खोल बसलेला माणूसही अर्धवट बसल्यासारखा वाटतो. तोच फोन जमिनीवर ठेवून समोरून फोटो काढला, तर उलट घडते आणि अर्धवट स्क्वॉटही खोल दिसतो.

फोटो बरोबर बाजूने काढावा. बार ज्या रेषेत आहे, तीच रेषा बाहेर वाढवली तर जिथे पोहोचेल, तिथे साधारण चार मीटर अंतरावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवावी आणि तिच्या बैठकीवर फोन उभा टेकवावा. खुर्चीची बैठक बहुधा गुडघ्याच्या उंचीच्या आसपास असते आणि आपल्याला तीच उंची हवी असते. जागा कमी असेल तर दरवाज्याबाहेरून झूम करून घ्यावे, पण जवळ जाऊन वाइड अँगलने घेऊ नये, कारण त्या लेन्समध्ये चित्राच्या कडेच्या रेषा ताणल्या जातात. कोन बरोबर आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. प्लेटच्या बाहेर आलेले बारचे टोक गोल दिसले पाहिजे आणि त्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला दांड्याची लांबी दिसता कामा नये. दांडा एका बाजूला दिसत असेल, तर कॅमेरा पुढे किंवा मागे सरकलेला आहे आणि त्या फोटोवरून बार पायाच्या कोणत्या भागावर आहे, हे ठरवता येत नाही.

फोन किंचित कलता असला, तरी उभी रेषा फसवी होते. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा मागच्या भिंतीवर, चौकटीत दिसेल असा टांगावा. चित्रात ओळंब्याची दोरी तिरकी दिसली, तर ती सरळ होईपर्यंत फोटो फिरवून घ्यावा आणि मगच मापे घ्यावीत. एकच फोटो काढण्यापेक्षा पूर्ण सेटचा व्हिडिओ घेऊन त्यातून हवे ते क्षण थांबवून फोटो काढणे केव्हाही चांगले, कारण सर्वांत खालचा क्षण बटण दाबून नेमका पकडणे कठीण असते. टी-शर्ट सैल असेल तर तो आत खोचावा. पाठीवर फुगलेले कापड पुष्कळदा वाकलेल्या कमरेसारखे दिसते.

फोटोत काय पाहावे

खालच्या क्षणाचा फोटो फोनच्या एडिटमध्ये उघडावा आणि बारच्या टोकाच्या मध्यापासून सरळ खाली, ओळंब्याला समांतर रेघ ओढावी. ही रेघ बुटाच्या लांबीच्या मध्याच्या जवळपास पडली पाहिजे. ती अंगठ्याच्या मुळाकडे, म्हणजे चवड्यावर पडत असेल, तर वजन पुढे गेले आहे आणि टाच जमिनीला लागलेली दिसत असली, तरी तिच्यावर फारसा भार उरलेला नाही. टाचेखाली प्रकाशाची फट दिसत असेल, तर प्रश्नच उरत नाही.

मोजमापासाठी प्लेटचा व्यास वापरू नये. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो खरा, पण व्यायामशाळेतील लोखंडी प्लेटा निरनिराळ्या आकाराच्या असतात आणि शिवाय प्लेट पायापेक्षा कॅमेऱ्याच्या बरीच जवळ असल्यामुळे ती प्रमाणापेक्षा मोठी दिसते. त्याऐवजी कॅमेऱ्याकडच्या बुटाची लांबी टेपने मोजावी आणि तेच माप फोटोसाठी वापरावे.

यानंतर व्हिडिओ हळूहळू पुढे नेत टाच नेमकी केव्हा उचलली जाते, हे पाहावे. कारण शोधताना याच निरीक्षणाचा सर्वाधिक उपयोग होतो आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत. नडगी पुढे झुकत झुकत एका जागी अडते, त्यानंतरही माणूस खाली जात राहतो आणि शेवटच्या टप्प्यात टाच उठते, असे दिसले तर घोट्याची लवचिकता अपुरी असण्याची शक्यता जास्त असते. याउलट टाच अर्ध्या वाटेवरच, नडगी अजून झुकत असतानाच उठत असेल, तर घोटा अडलेला नाही. तिथे सवय, बूट किंवा तोल यांपैकी काहीतरी कारण असते.

सवयीचा मुद्दा खानदेशात विशेष लक्षात घ्यावा लागतो. इथली अनेक मुले लहानपणापासून तालमीत जोर आणि बैठका काढत आलेली असतात. तालमीतील बैठकेत खाली जाताना टाच उचलणे आणि चवड्यावर येणे ही चूक नाही. ती त्या व्यायामाची रीतच आहे आणि हातांच्या झोक्याने तोल सांभाळला जातो. तेच शरीर खांद्यावर बार घेते, तेव्हा हात अडकलेले असतात, वर ५०-६० किलो असतात आणि पायाची सवय मात्र बैठकेचीच राहते. म्हणून अशा मुलाला घोट्याचे स्ट्रेचिंग महिनोन्महिने करायला लावले, तरी फोटोत फरक पडत नाही.

कारण पक्के करण्याच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी म्हणजे उकिडवे बसणे. बूट काढून, वजन न घेता, पाय खांद्याइतके अंतर ठेवून उकिडवे बसावे आणि टाचा जमिनीला टेकलेल्या राहतात का, हे पाहावे. शेतात निंदणी करणारी किंवा घरी जमिनीवर बसून कामे करणारी माणसे हे सहज करतात, तर खुर्चीवर बसून शिकलेली-वाढलेली अनेक मुले मागे पडतात. ही स्थिती आरामात जमत असेल, तर घोटा स्क्वॉटसाठी बहुधा पुरेसा आहे.

दुसरी चाचणी भिंतीजवळची आहे आणि ती जास्त नेमकी आहे. अनवाणी पायाने भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवावा आणि टाच न उचलता त्या पायाचा गुडघा भिंतीला टेकवावा. टेकत असेल तर पाय थोडा मागे घ्यावा. टाच जमिनीवर ठेवून गुडघा जेमतेम टेकतो, त्या स्थितीत अंगठ्याचे टोक आणि भिंत यांतील अंतर टेपने मोजावे. गुडघा आत न झुकता पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनेच गेला पाहिजे, नाही तर माप खोटे येते. हे अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल, तर घोट्याला दोष देऊ नये. सहा-सात सेंटिमीटरच असेल, तर घोटा खरोखर अडतो आहे. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर जुनी मुरगळ किंवा इजा आठवून पाहावी.

एक प्रकरण सविस्तर

अमळनेर तालुक्यातील, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका तरुणाचे प्रकरण इथे घेतो, कारण त्यात चुकीची दुरुस्ती आणि बरोबर दुरुस्ती या दोन्ही गोष्टी दिसतात. त्याच्या पहिल्या फोटोत ७० किलोचा बार होता, टाच उचललेली होती आणि गुडघे बुटाच्या टोकापुढे गेलेले होते. सोबतच्या मुलांनी फोटो पाहून त्याला सांगितले, की गुडघे बोटांच्या पुढे गेले म्हणून हे सगळे होते आहे, तेव्हा गुडघे मागेच ठेव. त्याने तसे केले. दुसऱ्या फोटोत टाच खाली होती, पण धड जवळजवळ आडवे झाले होते आणि कमरेचा खालचा भाग गोल झाला होता. त्यानंतर त्याची कंबर दुखू लागली आणि त्याने मला विचारले, “सर, गुडघे सांभाळावेत की कंबर?”

प्रश्न रास्त होता. २००३ साली फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी सात पुरुषांवर नेमकी हीच तुलना केली होती. गुडघ्यांसमोर लाकडी फळी उभी करून ते बोटांपुढे जाऊ दिले नाहीत, तेव्हा गुडघ्यावरील पिळाचे बल १५० वरून ११७ न्यूटन-मीटरपर्यंत उतरले, पण नितंबाच्या सांध्यावरील बल २८ वरून ३०३ न्यूटन-मीटरवर गेले, कारण गुडघे अडवल्यावर धड पुढे झुकल्याशिवाय तोल राहत नाही. म्हणजे गुडघ्यावरचा थोडा भार वाचवताना तो नितंब आणि कमरेकडे कितीतरी मोठ्या प्रमाणात ढकलला जातो. टाच जमिनीवर असेल आणि गुडघा बोटांच्या दिशेने जात असेल, तर तो बुटाच्या टोकापुढे थोडा जाणे ही चूक मानू नये.

त्याच्याकडून वर सांगितल्याप्रमाणे नवा व्हिडिओ मागवला आणि त्यात त्याला त्याच्या नेहमीच्या पद्धतीनेच, गुडघे न अडवता, पण ५० किलोवर बसायला सांगितले. त्याचा बूट २८ सेंटिमीटर लांब होता आणि फोनच्या पडद्यावर तो ३५ मिलिमीटर दिसत होता. म्हणजे पडद्यावरचा एक मिलिमीटर प्रत्यक्षात आठ मिलिमीटर. बुटाचा मध्य टाचेपासून १७.५ मिलिमीटरवर येतो, पण बारची रेघ २६ मिलिमीटरवर पडत होती. प्रत्यक्षात बार पायाच्या मध्यापासून जवळजवळ सात सेंटिमीटर पुढे, थेट चवड्यावर होता. टाचेखालची फट पडद्यावर दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात दीड सेंटिमीटरच्या आसपास होती.

त्याचे घोटे मात्र उत्तम होते. भिंतीजवळच्या चाचणीत दोन्ही पायांचे माप ११ सेंटिमीटरच्या वर आले आणि उकिडवे तो निवांत बसत होता. व्हिडिओ थांबवत पाहिल्यावर टाच अर्ध्या वाटेवरच उठताना दिसली; आधी गुडघे पुढे जात होते आणि कंबर मागाहून खाली येत होती. ती हुबेहूब तालमीतील बैठक होती. भर म्हणून त्याने धावण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट घातले होते. असा तळवा वजनाखाली दबतो आणि भार पुढे सरकला तरी पायाला ते चटकन जाणवत नाही.

दुरुस्ती करताना पहिली गोष्ट म्हणून बूट बदलले. सपाट आणि कडक तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट पुरेसे होतात. अनवाणी केल्यास पायाची जाणीव चांगली राहते, पण पाय उघडे असताना जवळपास कोणी प्लेटा चढवत-उतरवत नाही, एवढे पाहावे. मग वजन ७० वरून रिकाम्या बारवर, म्हणजे २० किलोवर आणले. त्याला आधी दहा किलोचे डंबेल छातीशी दोन्ही हातांनी धरून बसायला लावले, कारण पुढे धरलेल्या वजनामुळे कंबर मागे नेली तरी तोल जात नाही आणि टाचेवर भार ठेवून बसणे म्हणजे काय, हे शरीराला आपोआप कळते. सूचना एकच दिली : टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तिन्ही जागांनी जमीन दाबून ठेवायची आणि गुडघे व कंबर एकाच वेळी मोडायला सुरुवात करायची. खाली दोन सेकंद थांबायचे. हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण वेगात खाली जाऊन उसळी घेताना लपणारी टाच थांबल्यावर लपत नाही.

रिकाम्या बारवर आणखी एक पडताळणी केली. वर्तमानपत्राचा तुकडा टाचेखाली ठेवायचा आणि खालच्या स्थितीत सोबत्याने तो हळूच ओढून पाहायचा. कागद निघाला, तर टाच हलकी झाली आहे. ही पडताळणी फक्त वजनाशिवाय किंवा रिकाम्या बारवरच करावी. भरलेल्या बारखाली कोणाचाही हात पायाजवळ जाता कामा नये.

त्यानंतर पाच-पाचचे तीन सेट ठेवले आणि प्रत्येक वेळी बाजूने व्हिडिओ घेऊन रेघ योग्य पडली, तरच पुढच्या खेपेला पाच किलो वाढवले. ६० किलोवर बारची रेघ पायाच्या मध्यापासून सेंटिमीटरभर पुढे होती, जी मोजणीतील चूक धरता समाधानकारक आहे. ७० किलोवर मात्र शेवटच्या दोन रेपमध्ये टाच पुन्हा उठली. म्हणून त्याला ६५ वर थांबवले आणि तिथेच सवय पक्की होऊ दिली. पहिल्या रेपचा फोटो चांगला आला, म्हणून वजन वाढवणे ही घाई असते. सवयीची चूक थकव्यात परत येते, तेव्हा फोटो नेहमी सेटच्या शेवटच्या रेपचा पाहावा. तालमीतील बैठका त्याला बंद करायला सांगितल्या नाहीत. फक्त बारच्या स्क्वॉटच्या लगेच आधी बैठका काढू नयेत, एवढे सांगितले.

घोटाच अडत असेल तर

अशा वेळी टाचेखाली आधार देणे हा प्रामाणिक उपाय आहे. त्यात कमीपणा काही नाही. वेटलिफ्टिंगच्या बुटांची कडक टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच असते, ती याच कारणासाठी. असे बूट परवडत नसतील, तर तेवढ्याच जाडीची, दोन्ही टाचा मावतील अशी एक अखंड लाकडी फळी सुताराकडून करून घ्यावी आणि ती रबरी मॅटवर ठेवावी. दोन सुट्या लहान प्लेटा टाचेखाली ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, पण गुळगुळीत फरशीवर त्यांतली एक सरकली तर वजनासह तोल जातो, म्हणून मी ती करू देत नाही. टाच उंच केल्यावर गुडघे आणखी पुढे जातात. ज्यांचा गुडघा वाटीच्या भोवती आधीच दुखतो, त्यांनी कमी वजनावर तो कसा राहतो, हे दोन-तीन खेपा पाहूनच पुढे जावे.

पाय थोडे रुंद ठेवून बोटे बाहेर वळवली, तरी घोट्याची गरज कमी होते. सोबत पोटरीच्या खालच्या भागाचा ताण रोज करावा : भिंतीच्या चाचणीतील स्थितीतच, गुडघा वाकवलेला ठेवून, टाच न उचलता प्रत्येक पायाला ३० सेकंद, तीन वेळा. गुडघा सरळ ठेवून केलेला ताण पोटरीच्या वरच्या स्नायूवर जास्त पडतो आणि स्क्वॉटला त्याचा तेवढा उपयोग होत नाही. फरक काही आठवड्यांत दिसतो, म्हणून भिंतीपासूनचे अंतर लिहून ठेवावे. ते वाढले, तर फळी पातळ करता येते. ते अजिबात वाढत नसेल आणि घोट्याच्या पुढच्या बाजूस हाडाला हाड टेकल्यासारखी टोचणी होत असेल, तर ताण वाढवू नये आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

फोटोत सोबत दिसणाऱ्या दोन गोष्टी

पुढे झुकलेले धड ही स्वतःहून चूक नव्हे. ज्याची मांडी लांब आहे, त्याला जास्त झुकावेच लागते आणि दुसऱ्याच्या फोटोशी आपला फोटो जुळवून काही मिळत नाही. उभे असतानाच्या आणि खालच्या क्षणाच्या फोटोंत कमरेचा आकार किती बदलतो, हे पाहावे. अगदी शेवटी कंबर किंचित आत वळणे बहुतेकांत आढळते. पण ती ठळकपणे गोल होत असेल, तर व्हिडिओत ती कोणत्या उंचीवर गोल होऊ लागते, ते शोधून त्याच्या थोडे वरच थांबावे, आणि टाचेचा प्रश्न सुटल्यावर पुन्हा तपासावे. पुष्कळदा दोन्ही एकत्रच सुधारतात.

गुडघे आत येतात का, हे बाजूच्या फोटोत कळत नाही. त्यासाठी बरोबर समोरून, दोन्ही पायांच्या मध्यावर कॅमेरा ठेवून वेगळा व्हिडिओ घ्यावा आणि गुडघा बोटांच्या दिशेतच राहतो का, ते पाहावे. वर येताना शेवटच्या रेपमध्येच आत येत असेल, तर वजन कमी करणे हाच पहिला उपाय आहे.

चाचणी करताना घ्यायची काळजी

रॅकच्या सुरक्षा-पिना रिकाम्या बारने खाली बसून, बार जिथे येतो त्याच्या किंचित खाली लावाव्यात. पिना नसतील, तर बारच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करावा. त्या दोघांपैकी कोणीही फोन हाताळू नये. त्यासाठीच फोन खुर्चीवर ठेवायचा असतो. बार खांद्यावर असताना टाच उठते आहे, म्हणून मोठ्याने सूचना देऊ नयेत. रेप पूर्ण होऊन बार रॅकवर गेल्यावर व्हिडिओ दाखवावा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारनंतर व्यायाम केला, तर घामाने तळवा आत घसरतो आणि थकवा लवकर येतो. त्या दिवसांतला फोटो हिवाळ्यातल्या फोटोशी जोडून पाहू नये. तुलनेसाठी एकाच ऋतूतले, त्याच वेळेचे आणि त्याच वजनाचे फोटो घ्यावेत.

फोटो आतल्या वेदनेबद्दल काहीही सांगत नाही. कंबरदुखी पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, गुडघ्याला सूज आली असेल किंवा तो अडकत असेल, तर रेघा ओढत न बसता बार ठेवून द्यावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. घोट्याचे, गुडघ्याचे किंवा मणक्याचे ऑपरेशन झालेल्यांनी वरील चाचण्या करण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.